बिलाशी जुळलेलं मॉडेल आणि बचतीचा आकडा: १५ टक्क्यांचा निकष आला कुठून?

जुन्या इमारतीत ऊर्जा वाचवणारे बदल करण्याचा, म्हणजे रेट्रोफिटचा, अहवाल उघडला की एक वाक्य हमखास सापडतं: 'मॉडेल १२ महिन्यांच्या वीजबिलांशी कॅलिब्रेट केलं असून सीव्ही-आरएमएसई १५ टक्क्यांच्या आत आहे.' मॉडेल म्हणजे इमारतीच्या वीजवापराचं संगणकावरचं सिम्युलेशन, कॅलिब्रेट करणं म्हणजे ते बिलांशी जुळवणं, आणि सीव्ही-आरएमएसई म्हणजे जुळवूनही दोघांत साधारण किती टक्के फरक उरला त्याचं माप. पुढच्याच पानावर बचतीचा दावा असतो, आणि वाचणारा गृहीत धरतो की पहिली गोष्ट सिद्ध झाली म्हणजे दुसरीही झाली. या दोन पानांमध्ये बरंच अंतर आहे. ते का आहे हे समजायचं तर हा निकष कोणत्या वाटेने आला ते बघावं लागतं.

सुरुवात सिम्युलेशनपासून नाही, बिलांपासून झाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेत घरांना इन्सुलेशन घालण्याच्या योजना निघाल्या. किती इंधन वाचेल हे अभियंते कागदावर काढत होते, पण प्रत्यक्षात किती वाचलं हे कोणी मोजायचं, हा प्रश्न होता. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या रॉबर्ट सोकोलोव यांच्या गटाने त्या काळात न्यू जर्सीमधल्या ट्विन रिव्हर्स या वसाहतीत हेच मोजलं. एकाच नकाशाची, एकाच बिल्डरने बांधलेली, रांगेतली घरं. तरीही शेजारच्या दोन घरांच्या गॅसच्या वापरात दुपटीहून जास्त फरक निघायचा. भिंती तशाच, खिडक्या तशाच, फक्त राहणारी माणसं वेगळी. इमारतीच्या रेखाटनावरून बिलाचा अंदाज बांधणाऱ्याला हा मोठाच धक्का होता.

त्याच प्रिन्स्टनमधून मार्गारेट फेल्स यांच्या पुढाकाराने 'प्रिझम' ही पद्धत आली आणि १९८६ मध्ये ती तपशिलात प्रसिद्ध झाली. नावातच 'स्कोअरकीपिंग' होतं, म्हणजे गुण मांडून ठेवणं. पद्धत साधी होती. मीटर रीडिंगच्या दोन तारखांमधला वापर घ्यायचा, त्याच दिवसांचं बाहेरचं तापमान घ्यायचं आणि त्यातून दोन भाग वेगळे काढायचे: हवामान काहीही असलं तरी होणारा पायाभूत वापर, आणि थंडी वाढेल तसा वाढणारा वापर. कोणत्या तापमानाखाली हीटिंग सुरू होतं तेही घराघराच्या बिलांतूनच काढायचं, सगळ्यांना एकच आकडा लावायचा नाही. मग कामाआधीचं आणि कामानंतरचं वर्ष एकाच सरासरी हवामानावर आणून वजाबाकी करायची.

यातली एक बारीक गोष्ट आजही विसरली जाते: बिलाचा महिना हा कॅलेंडरचा महिना नसतो. रीडिंग १७ तारखेचं असेल तर 'मे' च्या बिलात अर्धा एप्रिल असतो. मॉडेल मात्र १ ते ३१ मे ची बेरीज देतं. पुण्यात मेअखेरच्या वळवाने आठवड्याभरात एसीचा भार उतरतो, तिथे या घसरलेल्या तारखा मॉडेलमध्ये नसलेली चूक दाखवतात, आणि माणूस ती 'दुरुस्त' करायला खिडक्यांच्या काचा बदलत बसतो.

घरासाठी प्रिझम पुरलं. ऑफिस, हॉस्पिटल, कॉलेज यांना ते अपुरं पडलं. तिथे दिवे, एसीसाठी पाणी थंड करणारा चिलर, पंखे, नियंत्रणं अशी चार-पाच कामं एकदमच होतात आणि एकाचा परिणाम दुसऱ्यावर पडतो. एलईडी लावले की उष्णता कमी होते, म्हणून चिलरचंही काम घटतं. कॅम्पसमध्ये बऱ्याच इमारतींना मिळून एकच मीटर असतं. त्यामुळे वर्षाचे ८,७६० तास चालवून बघणाऱ्या सिम्युलेशनकडे लोक वळले. सत्तरच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत डीओई-२ हा प्रोग्राम तयार झाला होता, आणि १९८१ मध्येच डायमंड आणि हन यांनी सात व्यावसायिक इमारतींसाठी त्याचे आकडे मीटरशी ताडून दाखवले. २००१ मध्ये आलेला एनर्जीप्लस हा त्याच परंपरेतला.

पण मीटरशी ताडायचं म्हणजे नेमकं काय करायचं? ऐंशीच्या दशकात ते ज्याच्या त्याच्या हातावर होतं. आलेख समोर ठेवायचा, वापराची वेळापत्रकं बदलायची, हवेची गळती वाढवायची, चिलरची कार्यक्षमता कमी करायची आणि रेषा एकमेकींवर बसल्या की थांबायचं. प्रत्येकाचं मॉडेल जुळायचं आणि प्रत्येकाचं वेगळं असायचं. दरम्यान टेक्सासमध्ये १९८८ च्या सुमारास 'लोनस्टार' कार्यक्रम सुरू झाला. सरकारी इमारतींना रेट्रोफिटसाठी कर्ज, आणि कर्जफेड वाचलेल्या ऊर्जेच्या पैशातून. आता बचत हा कर्जाचा हप्ता झाला, त्यामुळे ती मोजणं भागच होतं. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या हॅबर्ल, क्लॅरिज यांच्यासारख्या संशोधकांनी या निमित्ताने मोजणीची शिस्त घडवली. त्याच वर्तुळातून १९९२ मध्ये हवामानाशी संबंध नसलेले भार आधी मोजून डीओई-२ मध्ये भरण्याची पद्धत मांडली गेली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वात शहाणी कल्पना हीच. जे मोजता येतं ते मोजून घ्या, जुळवाजुळव उरलेल्यातच करा.

मग करारांची भाषा आली. १९९६ मध्ये अमेरिकी ऊर्जा खात्याने मोजमाप आणि पडताळणीचा उत्तर अमेरिकी प्रोटोकॉल काढला. पुढच्याच वर्षी तो आंतरराष्ट्रीय झाला, तोच आजचा आयपीएमव्हीपी. त्यात चार पर्याय आहेत आणि कॅलिब्रेटेड सिम्युलेशन म्हणजे ऑप्शन डी. पाठोपाठ २००२ मध्ये अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या अमेरिकी संस्थेची गाईडलाइन १४ आली आणि तिने जुळणं आकड्यात बांधलं:

```
NMBE     = Σ(m − s) / ((n − 1) · m̄) × 100
CV(RMSE) = √( Σ(m − s)² / (n − 1) ) / m̄ × 100
```

इथे m म्हणजे बिलातले युनिट, s म्हणजे मॉडेलचे, m̄ म्हणजे बिलांची सरासरी आणि n म्हणजे महिने. पहिल्या आकड्यात एका महिन्याची जास्तीची चूक दुसऱ्याच्या कमीमध्ये विरघळते. तशी ती लपू नये म्हणून दुसरा. मासिक बिलांवर पहिला ±५ टक्क्यांत, दुसरा १५ टक्क्यांत हवा. तासागणिक मोजणी असेल तर मर्यादा १० आणि ३०.

गाईडलाइनमध्ये आणखी एक अट आहे, जी अहवालांत क्वचितच दिसते: बचतीच्या आकड्यातली अनिश्चितता ६८ टक्के विश्वासपातळीवर त्या बचतीच्या निम्म्याहून कमी असावी. म्हणजे लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होतं की १५ टक्के हा वापर जुळल्याचा निकष आहे, बचत बरोबर असल्याचा नव्हे.

हा फरक किती मोठा होऊ शकतो ते आपल्याकडच्या एका इमारतीवर करून बघू. आकडे सोयीचे धरलेत, गणित खरं आहे. पुण्यातलं एक ऑफिस, वर्षाला ६,००,००० युनिट, म्हणजे महिन्याला सरासरी ५०,०००. जुना एअर-कूल्ड चिलर काढून नवा वॉटर-कूल्ड बसवायचा आहे. वर्षाची थंडाव्याची गरज १,८०,००० टन-तास.

पहिला सल्लागार जुना चिलर टनाला १ किलोवॉट खातो असं धरतो. कूलिंगचे १,८०,००० युनिट झाले, बाकीचे ४,२०,००० त्याने दिवे, संगणक, सर्व्हर यांत टाकले. दुसरा म्हणतो, मशीन थकलंय, टनाला १.२ किलोवॉट. कूलिंग झालं २,१६,०००, आणि जुळवण्यासाठी त्याने बाकीचा भार ३६,००० युनिटने उतरवला. वर्षाची बेरीज दोघांची तीच.

महिन्यांत काय दिसतं? पहिल्याने ते ३६,००० युनिट दरमहा ३,००० असे सपाट पसरले. दुसऱ्याकडे ते चिलरमागे जातात: एप्रिलमध्ये समजा ४,५००, डिसेंबरमध्ये १,५००. म्हणजे दोन मॉडेलांमध्ये कोणत्याही महिन्यात जास्तीत जास्त १,५०० युनिटचा फरक, सरासरीच्या ३ टक्के. निकष १५ टक्के सोडतो, म्हणजे ७,५०० युनिट. दोघेही आरामात पास होतात.

आता नवा चिलर, टनाला ०.६५ किलोवॉट (पंप आणि कूलिंग टॉवर सध्या बाजूला ठेवू). नवा वापर १,१७,०००. पहिल्याच्या मते बचत ६३,००० युनिट, म्हणजे १०.५ टक्के. दुसऱ्याच्या मते ९९,०००, म्हणजे १६.५ टक्के. बिलं तीच, शिक्का तोच, पण एकाचा दावा दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त.

याच दुखण्यावर अमेरिकेतल्या एनआरईएल या राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०१० मध्ये बेस्टेस्ट-ईएक्स ही चाचणी काढली, घरांपुरती. खऱ्या घराची 'खरी' बचत कोणालाच माहीत नसते, म्हणून त्यांनी गुणधर्म झाकून ठेवलेल्या एका काल्पनिक घराची बिलं सिम्युलेशननेच तयार केली. ती बिलं देऊन कॅलिब्रेट करायला सांगायचं आणि मग बचतीचं उत्तर झाकलेल्या उत्तराशी ताडायचं. गुण बिल जुळवण्याला नव्हते, बचतीला होते.

आपल्या बिलांत आणखी एक खड्डा आहे. महावितरणच्या उच्चदाब ग्राहकांची आकारणी १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर कमी असेल तर वाढणाऱ्या युनिटवर, होते. मॉडेल केडब्ल्यूएच देतं. कुणी आकारणीचे युनिट उचलून मॉडेलशी जुळवले आणि मधल्या काळात कपॅसिटर बँक सुधारून पॉवर फॅक्टर ०.९२ वरून ०.९९ वर गेला, तर एकही केडब्ल्यूएच न वाचता युनिट ७ टक्क्यांनी घटलेले दिसतात. केडब्ल्यूएचचा रकाना त्याच बिलावर असतो, तोच घ्यायचा.

वरच्या दोन सल्लागारांचा वादही बिलातूनच बराच सुटतो. ३६,००० युनिट वर्षभर सपाट पसरले तर तो सुमारे ४.१ किलोवॉटचा अखंड भार होतो. चिलर रात्री बंद असेल तर हा भार रात्री उघडा पडायलाच हवा. जुन्या दररचनेतल्या उच्चदाब बिलावर 'ए' झोनचे, म्हणजे रात्री १० ते सकाळी ६ चे युनिट वेगळे छापलेले असतात. ४.१ किलोवॉट, आठ तास, तीस रात्री: जवळपास १,००० युनिट. पहिल्या मॉडेलच्या रात्रीच्या बेरजेत हे हजार जास्त येतील, दुसऱ्याच्या नाही. बिलावरचा आकडा कोणाकडे झुकतो ते बघायचं.

तरी शंका उरली तर रात्री एक वाजता पॅनेलरूममध्ये जाऊन तारेभोवती अडकवून प्रवाह मोजणारा टाँग टेस्टर लावायचा. अशा एका फेरीत मी वॉचमनला घेऊन एकेक फीडर बघत गेलो होतो. चौथ्या मजल्याच्या फीडरवर प्रत्येक फेजला सहा-सात अँपिअर वाहत होते. वर जाऊन पाहिलं तर पॅन्ट्रीतला गीझर, दोन वॉटर कूलर आणि मीटिंग रूममधले, कधीच बंद न होणारे स्क्रीन. त्या इमारतीच्या मॉडेलमध्ये ते सगळं थकलेल्या चिलरच्या नावावर गेलं होतं. भार त्याच्या जागी नोंदवल्यावर चिलरचा आकडा खाली आला, बचतीचा दावा उतरला आणि सीव्ही-आरएमएसई मात्र जिथे होता तिथेच राहिला.