जंतसंसर्ग आणि शाळेतली हजेरी

मुलांच्या पोटात वर्षानुवर्षं राहणारे जंत म्हणजे मुख्यतः गोल जंत, अंकुशकृमी आणि चाबूककृमी. अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त पितो, त्यामुळे अॅनिमिया होतो आणि मूल दमतं, हे नक्की आहे. पण यामुळे वाढ, अभ्यास आणि हजेरीवर नेमका किती फरक पडतो यावर मात्र अजून वाद आहे.

संसर्ग मोजायला काटो-कात्झ पद्धत वापरतात. साधारण ४१.७ मिलिग्रॅम शौच काचेवर पसरून मायक्रोस्कोपखाली अंडी मोजायची आणि २४ ने गुणायचं, म्हणजे ५० अंडी दिसली तर ग्रॅमला १२००. अंकुशकृमीसाठी २००० च्या खाली असेल तर तो सौम्य संसर्ग धरतात. गोम अशी की बहुतेक मुलांना सौम्यच असतो आणि खूप जंत थोड्याच मुलांत असतात, म्हणून सगळ्यांना जंताची गोळी देऊन सरासरी काढली की खऱ्या आजारी मुलांचा फायदा त्यात विरून जातो.

सगळ्यात गाजलेला अभ्यास केनियातल्या बुसिया भागातला. ७५ प्राथमिक शाळांचे २५-२५ चे तीन गट केले आणि पहिल्या गटाला १९९८ पासून, दुसऱ्याला १९९९ पासून, तिसऱ्याला २००१ मध्ये औषध दिलं. हजेरीपटावर भरवसा न ठेवता माणसं न सांगता शाळेत जाऊन डोकी मोजायची, आणि शाळा सोडलेलं मूलही गैरहजरच धरायचं. हा अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ मिगेल आणि क्रेमर यांनी २००४ मध्ये लिहिलं की गैरहजेरी साधारण पाव हिश्श्याने घटली, परीक्षेच्या मार्कांत मात्र फरक दिसला नाही. त्यांचा दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे: एका मुलाचे जंत गेले की मातीत अंडी कमी पडतात, म्हणजे गोळी न घेतलेल्या शेजारच्या मुलालाही फायदा होतो, आणि मग एकाच शाळेतली मुलं गटांत वाटून तुलना केली तर परिणाम कमीच दिसणार, म्हणून शाळाच्या शाळा गटांत वाटायला हव्या.

२०१५ मध्ये दुसऱ्या टीमने तोच डेटा पुन्हा तपासला तेव्हा कोडमधली चूक निघाली, गोळी दिलेल्या शाळांपासून ३ ते ६ किलोमीटरवरच्या शाळांना झालेला फायदा टिकला नाही. हजेरीचा परिणामही १९९८ आणि १९९९ ही दोन्ही वर्षं एकत्र घेतली तर ठळक दिसतो, वेगवेगळी घेतली तर फिका पडतो. शिवाय गोळी मिळाली हे मुलांना नि मास्तरांना माहीत होतं, आणि त्याने वागणं बदलू शकतं ही शंका रास्तच आहे. तरी शाळेतल्या शाळेतला परिणाम पूर्ण पुसला गेलेला नाही असं इथे धरलेलं बरं.

वाढीबाबत पुरावा आणखी पातळ आहे. उत्तर प्रदेशात अंगणवाड्यांमार्फत सुमारे १० लाख लहान मुलांवर झालेल्या चाचणीत दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल हे जंताचं औषध देऊनही वजनात लक्षणीय फरक आढळला नाही (निष्कर्ष २०१३). पण तिथे मुलं १ ते ६ वर्षांची होती आणि संसर्ग बहुतांशी सौम्य, त्यामुळे बुसियाच्या शाळकरी मुलांशी ती थेट ताडून बघता येत नाही.