लिलाव चालू असतानाच मधला भाव कसा सापडतो
(कांदा लिलावाच्या नोंदींचे आमचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या ग्राहकांसाठी)

बाजारभावाच्या फलकावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव लागतात. आमच्या पडद्यावर त्यांच्या शेजारी ‘मधला भाव’ही दिसतो, म्हणजे सगळे सौदे भावाप्रमाणे रांगेत लावले तर बरोबर मध्यावर येणारा. प्रत्येक गाडीचा सौदा सुटला की तो लगेच बदलतो. इतक्या झटपट तो कुठून येतो, असे बरेच जण विचारतात.

सौदे आम्ही यादीत ठेवत नाही, झाडाच्या रूपात ठेवतो. झाडाच्या प्रत्येक नोडवर एक भाव असतो. त्याच्या डावीकडे त्याहून कमी भाव, उजवीकडे जास्त. एवढ्याने एखादा भाव आहे की नाही ते पटकन कळते, पण ‘खालून सहावा कोणता?’ याचे उत्तर मिळत नाही, कारण डावीकडे किती सौदे आहेत ते मोजल्याशिवाय समजत नाही. म्हणून प्रत्येक नोडवर आम्ही आणखी एक आकडा लिहून ठेवतो: तो स्वतः धरून त्याच्याखाली एकूण किती सौदे आहेत.

सात सौद्यांचे उदाहरण घ्या. भाव रुपये प्रति क्विंटल. कंसात तो आकडा.

```
            1500 (7)
        /            \
   1200 (3)        1800 (3)
   /     \         /     \
1050(1) 1350(1) 1650(1) 2000(1)
```

खालून सहावा भाव हवा आहे. 1500 च्या डावीकडे 3 सौदे, म्हणजे 1500 स्वतः चौथा. सहावा त्याच्या पुढे आहे, म्हणून उजवीकडे जायचे. पण जाताना मागे राहिलेले 4 वजा करायचे, कारण आता उजव्या फांदीतला दुसरा शोधायचा आहे. 1800 च्या डावीकडे 1 सौदा, म्हणजे 1800 दुसरा. उत्तर 1800.

```
def kth(node, k):
    while node:
        pos = size(node.left) + 1
        if k == pos:
            return node.rate
        if k < pos:
            node = node.left
        else:
            k -= pos
            node = node.right
```

आता 1700 चा सौदा आला. तो 1500, 1800, 1650 असा उतरून 1650 च्या उजवीकडे बसतो. वाटेतल्या तिघांचेच आकडे एकेकाने वाढतात: 8, 4 आणि 2. डावी फांदी जशीच्या तशी राहते. पुन्हा सहावा विचारला तर आता 1700 मिळतो, आणि आठही भाव रांगेत लावून पाहिले तरी तेच येते.

भाव चढत्या क्रमाने येत गेले तर झाड एका बाजूला लांबत जाते आणि हजार सौद्यांसाठी हजार पायऱ्या उतराव्या लागतात. म्हणून आम्ही रेड-ब्लॅक पद्धतीने झाड तोलून धरतो. मग हजार सौद्यांनाही वीसपेक्षा जास्त पायऱ्या लागत नाहीत. तोल सावरताना दोन नोड जागा बदलतात, तेव्हा खाली गेलेल्याचा आकडा आधी मोजायचा आणि वर आलेल्याचा नंतर. क्रम उलटा झाला की वरच्याचा आकडा जुन्या मोजणीवर निघतो.

आमची एक जुनी चूक इथे सांगायला हवी. तीच हिशोबपट्टी चुकून दोनदा भरली गेली, तर सॉफ्टवेअर दुसरी नोंद नाकारत असे. पण खाली उतरतानाच वाटेतले आकडे वाढवून ठेवलेले असत. त्यामुळे वरचा आकडा 8 आणि सौदे मात्र 7, आणि मधला भाव सरकलेला. आता पट्टीचा क्रमांक आधी तपासतो, मगच आकड्यांना हात लावतो. शिवाय रोज लिलाव संपल्यावर प्रत्येक नोडचा आकडा डावा अधिक उजवा अधिक एक इतका आहे ना, हे पडताळले जाते. पडद्यावरची सौद्यांची संख्या आणि तुमच्या पट्ट्यांची संख्या जुळत नसेल तर तो दिवस आम्हाला जरूर कळवा.

एकाच भावाचे अनेक सौदे होतात, तेव्हा पट्टीचा क्रमांक लहान असेल तो डावीकडे मानतो. त्यामुळे एकही सौदा गळत नाही.

‘मधला भाव गाड्यांवर कशाला, क्विंटलवर काढा,’ ही सूचना आम्हाला पटली. पाच क्विंटलची पिकअप आणि पंचवीस क्विंटलचा ट्रॅक्टर यांना सारखेच धरणे शेतकऱ्याच्या दृष्टीने बरोबर नाही. त्यासाठी झाड तेच राहते, फक्त नोडवर सौद्यांच्या संख्येऐवजी त्या फांदीतले एकूण क्विंटल लिहायचे. आवक 140 क्विंटल असेल तर सत्तरावा क्विंटल ज्या सौद्यात पडतो तो भाव दाखवायचा. सेटिंगमध्ये दोन्ही पर्याय आहेत.

मधला भाव दिवसाअखेर एकदाच लागत असेल तर हे सगळे नको. सौदे भावाप्रमाणे लावून मधला उचलला की झाले, आणि त्यासाठी आमचा साधा अहवाल पुरतो.