पंखा घूं करतो पण फिरत नाही: वहीतल्या तासाचा होय-नाही तक्ता

सिंगल फेज इंडक्शन मोटरचा तास बहुतेक ठिकाणी एकाच क्रमाने जातो. आधी वाइंडिंग, मग चुंबकक्षेत्र, मग टॉर्क आणि शेवटी पाते फिरते. कारण आधी, परिणाम नंतर. दुरुस्तीला गेल्यावर मात्र हातात फक्त परिणाम असतो: पंखा अडलेला. म्हणून तक्ता काढताना वही मागून पुढे वाचायची. ज्या ज्या वाक्यात ‘म्हणून’ आहे, त्याखाली रेघ मारा आणि ते वाक्य उलटून प्रश्न करा.

या तासातले सगळ्यात कामाचे वाक्य असे: एकट्या रनिंग वाइंडिंगचे चुंबकक्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी कमी-जास्त होते. ते उलटसुलट फिरणाऱ्या दोन समान क्षेत्रांची बेरीज मानता येते. थांबलेल्या मोटरवर दोघांचा टॉर्क सारखाच, म्हणून ती सुरू होत नाही. कोणत्याही बाजूने थोडी गती मिळाली की त्या बाजूचे पारडे जड होते. सुरुवातीचा हा धक्का द्यायलाच स्टार्टिंग वाइंडिंग आणि कंडेन्सर असतात. आता हे उलटा: ‘हाताने गती दिल्यावर पंखा फिरत राहतो का?’ अर्ध्या पानाच्या सिद्धांताचा हा एका ओळीचा प्रश्न झाला.

प्रश्न शंकरपाळीच्या आकाराच्या चौकटीत, कृती साध्या चौकोनात. शंकरपाळीतून दोनच बाण निघावेत, म्हणून प्रश्नाचे उत्तर डोळ्याने, कानाने किंवा मीटरवर नेमके मिळायला हवे. ‘सप्लाय ठीक आहे का?’ हा प्रश्न नापास, कारण प्रत्येकाचे ‘ठीक’ वेगळे. ‘टेस्टर पेटतो का?’ हाही फसवतो. न्यूट्रल तुटलेली असली तरी फेजवर टेस्टर पेटतोच. ‘पंख्याच्या कनेक्टरवर फेज आणि न्यूट्रलमध्ये मीटर 207 ते 253 व्होल्ट दाखवतो का?’ हा प्रश्न चालेल (230 व्होल्टच्या दहा टक्के खाली-वर).

छताच्या नेहमीच्या कंडेन्सरवाल्या पंख्यावर हा तक्ता चालवून पाहू. बीएलडीसी पंख्यात इलेक्ट्रॉनिक सर्किट असते, त्याला हा लागू नाही. रेग्युलेटर पूर्ण वेगावर ठेवा.

पहिली शंकरपाळी: घूं आवाज येतो का? नाही, तर वरचा व्होल्टेजचा प्रश्न. तिथेही ‘नाही’ आले तर दोष स्विच, रेग्युलेटर किंवा वायरिंगमध्ये. आवाज येत असेल तर निदान एका वाइंडिंगमधून करंट जातो आहे. मग मेन बंद करून पाते हाताने फिरवा. अडखळते का? हो, तर बेअरिंग.

पाते मोकळे असेल तर मेन बंद असतानाच त्याला जोरात फिरवा, हात पूर्ण बाजूला घ्या आणि दुसऱ्याला स्विच लावायला सांगा. चालू पंख्याला काठीने ढोसू नये. पंख्याने वेग घेतला, तर उलट्या दिशेने हेच करा. दोन्हीकडे फिरत असेल तर रनिंग वाइंडिंग शाबूत आहे, दोष स्टार्टिंगच्या वाटेवर. धक्क्यानेही वेग घेतला नाही तर व्होल्टेज आणि रनिंग वाइंडिंग तपासा.

आता कंडेन्सर. मेन बंद, कंडेन्सर डिस्चार्ज करा, एक वायर सोडा आणि मोजा. अंगावर 2.5 मायक्रोफॅरड ±5% लिहिले असेल तर 2.38 ते 2.62 मध्ये वाचन हवे. खाली आले तर तितक्याच मायक्रोफॅरडचा, 440 व्होल्ट एसीचा नवा घाला. जास्त मायक्रोफॅरडचा घालून पंखा ‘पळवण्याची’ सवय वाईट; स्टार्टिंग वाइंडिंग तापते. हीच चौकट ‘पंखा फिरतो पण हळू’ या तक्रारीच्या फांदीवरही येते, कारण अर्धवट उतरलेला कंडेन्सर पंखा बंद न पाडता मंद करतो. दोन बाण एकाच चौकटीत येऊन मिळाले तरी चालते. चौकट दोनदा काढू नका.

कंडेन्सर चांगला निघाला तर तो सुटा ठेवूनच तीन वायरींमधले ओहम जोडी-जोडीने मोजा. समजा 160, 290 आणि 450 आले. सर्वांत मोठे वाचन दोन वाइंडिंगच्या टोकांमधले असते, म्हणून उरलेली तिसरी वायर कॉमन. 160 आणि 290 ची बेरीज 450, म्हणजे कुठे तुटलेले नाही. एखाद्या जोडीवर मीटर OL, म्हणजे मर्यादेबाहेर, दाखवत असेल तर कॉइल तुटलेली आहे, रिवाइंडिंग.

इथे एक बाण जपून काढायचा. बेरीज जुळली म्हणजे वाइंडिंग निर्दोष, असे होत नाही. काही वेढे आपसात शॉर्ट झाले तर ओहम जरासेच कमी होतात आणि बेरीज तरीही जुळते. म्हणून या ‘हो’ वरून थेट ‘वाइंडिंग चांगले’ वर जाऊ नका. पुढे आणखी एक शंकरपाळी ठेवा: पंधरा मिनिटे चालवल्यावर मोटर जळका वास देते का?