गणपती अकरा दिवस आधी, मग एकदम एकोणीस दिवस उशिरा

2023च्या जुलैत आईने जावयाच्या वाणासाठी तेहतीस अनारसे करायला घेतले. खसखशीवर पीठ थापता थापता तिने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. "सण दरवर्षी अकरा दिवस अलीकडे येतात म्हणतोस ना? मग गेल्या वर्षी 31 ऑगस्टला बसलेले गणपती यंदा 19 सप्टेंबरला कसे?"

प्रश्न रास्त होता. "चांद्र वर्ष 354 दिवसांचं, सौर वर्ष 365 दिवसांचं, म्हणून फरक 11" हे आपण शाळेत पाठ करतो. पण 354च का, ते कुणी सांगत नाही. खरी गंमत तिथेच आहे, आणि ती नाशिकमधल्या कुठल्याही गच्चीवरून दिसते.

संध्याकाळी चंद्र एखाद्या ठळक ताऱ्याजवळ असेल तेव्हा हात ताठ पुढे करून मूठ धरा. मुठीची रुंदी साधारण 10 अंश भरते. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाहिलंत, तर चंद्र त्या ताऱ्यापासून एका मुठीहून थोडा जास्त पूर्वेला सरकलेला दिसेल. ताऱ्यांच्या मागच्या पडद्यावर तो रोज सरासरी 13 अंश चालतो आणि 27.3 दिवसांत फेरी पुरी करतो. आपली नक्षत्रं 27 आहेत ती याच फेरीमुळे. मग महिना साडेएकोणतीस दिवसांचा का? कारण सूर्यही त्याच दिशेने रोज जवळजवळ 1 अंश सरकतो. अमावस्येला दोघे एकत्र असतात. चंद्र फेरी मारून जुन्या जागी येतो, तोवर सूर्य 27 अंश पुढे गेलेला असतो. त्याला गाठायला चंद्राला आणखी दोन-सव्वादोन दिवस लागतात. दोघांमधलं अंतर रोज साधारण 12 अंशांनी वाढतं, आणि बरोबर 12 अंशांच्या अंतराला आपण तिथी म्हणतो.

आता वर्षभराचा हिशेब. घड्याळात बारा तासांत मिनिटकाटा 12 फेऱ्या मारतो, तासकाटा 1, म्हणून ते 11 वेळा भेटतात. तसंच वर्षात चंद्राच्या 13.37 फेऱ्या होतात, सूर्याची 1. भेटी 12.37. म्हणजे वर्षात बारा महिने पुरे होतात आणि महिन्याचा 0.37 भाग उरतो. 29.53ला 0.37ने गुणा: 10.9 दिवस. हेच ते अकरा दिवस. ही सरासरी आहे. चंद्राचा वेग कमीजास्त होतो, त्यामुळे एखाद्या वर्षी दहा किंवा बारा दिवसांचाही फरक पडतो.

हिजरी कालगणना हा उरलेला तुकडा सोडून देते. म्हणून आपल्याकडे रमजान ईद 2023 साली 22 एप्रिलला आली, 2024 साली 11 एप्रिलला आणि 2025 साली 31 मार्चला. जुन्या नाशकात शीरखुर्मा कधी ऐन उन्हाळ्यात शिजतो, कधी थंडीत, आणि सगळे ऋतू फिरून यायला सुमारे 33 वर्षं लागतात.

आपलं पंचांग तो तुकडा साठवतं आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी त्याचा एक अख्खा महिना करतं. तो नेमका कुठे घालायचा, याचा नियम मला फार देखणा वाटतो: दोन अमावस्यांच्या मधे सूर्याने रास बदलली नाही, तर तो महिना अधिक. 2023चंच पाहा. सूर्य 17 जुलैच्या पहाटे कर्केत गेला आणि त्याच मध्यरात्री अमावस्या संपली. पुढची अमावस्या 16 ऑगस्टच्या दुपारी संपली, तर सूर्य सिंहेत शिरला 17 ऑगस्टच्या दुपारी. मधल्या महिन्यात एकही संक्रांत नाही, म्हणून तो अधिक श्रावण. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत दूर असते, त्यामुळे तेव्हा सूर्य एका राशीत 31 दिवसांहून जास्त रेंगाळतो आणि साडेएकोणतीस दिवसांचा चांद्र महिना त्यात मावतो. जानेवारीच्या आसपास सूर्य साडेएकोणतीस दिवसांतच रास ओलांडतो. म्हणूनच अधिक पौष किंवा अधिक माघ आपल्या ऐकण्यात येत नाही.

याच महिन्याला "मलमास" म्हणून लोक घर घेणं, दुकान उघडणं पुढे ढकलतात. आकाशात त्या महिन्यात वेगळं काहीही घडत नाही. चंद्रही तोच असतो आणि सूर्यही तोच. तो केवळ हिशेबाची भरपाई आहे, आणि त्याला अशुभ ठरवणं हा ती मांडणाऱ्या गणितींवर अन्याय आहे. सोशल मीडियावर "शेकडो वर्षांनी आलेला दुर्मीळ योग" म्हणून अधिक मासाचे निरोप फिरतात, तेही निखालस खोटे. तो दर तीनेक वर्षांनी येतोच.

आईला मी हे कॅलेंडरवरच दाखवलं. गणेश चतुर्थी 2023 साली बाराऐवजी तेरा महिन्यांनी आली, म्हणजे 384 दिवसांनी, म्हणून तारीख 19 दिवस पुढे गेली. मग 2024 साली 7 सप्टेंबर, 2025 साली 27 ऑगस्ट, अशी ती पुन्हा अलीकडे आली. 2026 साली अधिक ज्येष्ठ, म्हणून गणपती 14 सप्टेंबरला.

एकोणीस वर्षांत हे तुकडे साठून जवळजवळ नेमके सात महिने होतात. 235 चांद्र महिने आणि 19 सौर वर्षं यांत फक्त दोनेक तासांचा फरक उरतो. घरात जुनं कॅलेंडर असेल तर 2006चं काढून पाहा: तेव्हाही गणपती 27 ऑगस्टलाच बसले होते.