स्कॅन केलेला फॉर्म मूळचा कुठला? कागदाचे माप आणि समास काय सांगतात

आपण पाठवलेल्या स्कॅनमधली माहिती नोंदवताना आम्ही प्रत्येक फॉर्मपुढे ‘मूळ कागद’ नावाचा एक रकाना भरतो. त्यात ए४, लेटर किंवा ‘ठरवता आले नाही’ यांपैकी एक नोंद असते. हा रकाना कशासाठी आणि तो आम्ही कसा भरतो, असे ग्राहक अनेकदा विचारतात. त्याचे सविस्तर उत्तर या पत्रकात आहे.

रकान्याचा उपयोग मुख्यतः तारखांसाठी होतो. फॉर्मवर ०४/०३/२०२२ असे हाताने लिहिलेले असेल, तर ती ४ मार्च की ३ एप्रिल? फॉर्मची भाषा इंग्रजी असेल, देशाचे नाव कुठेच नसेल आणि वरचा पत्त्याचा भाग अस्पष्ट असेल, तर आधार उरतो तो कागदाचाच, कारण त्याच्या मापावरून फॉर्म कोणत्या देशातला असावा याचा अंदाज येतो. दशांशासाठी स्वल्पविराम वापरला आहे की टिंब, फोन क्रमांकाचे गट कसे पाडले आहेत, असे प्रश्नही त्याच अंदाजावर सुटायला लागतात.

दोन मापे

जगाच्या बहुतेक भागात कार्यालयीन कागद ए४ असतो, म्हणजे २१० × २९७ मिलिमीटर. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको, फिलिपिन्स आणि कोलंबिया, चिली यांसारख्या काही लॅटिन अमेरिकी देशांत लेटर कागद रुळलेला आहे. तो साडेआठ × अकरा इंच, म्हणजे २१५.९ × २७९.४ मिलिमीटर. लेटर हा ए४ पेक्षा जवळपास सहा मिलिमीटर रुंद आणि साडेसतरा मिलिमीटर बुटका आहे. रुंदीतला फरक इतका लहान आहे की कागद थोडा तिरका सरकला किंवा कडेची सावली पडली, तरी तो झाकला जातो. म्हणून आम्ही नेहमी आधी उंची पाहतो.

३०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके घेऊन, स्कॅन केलेला ए४ कागद २४८० × ३५०८ पिक्सेलचा होतो आणि लेटर २५५० × ३३०० चा. मोबाइलने काढलेल्या फोटोत डीपीआयचा आकडा निरर्थक असतो, त्यामुळे तिथे फक्त उंची-रुंदीचे गुणोत्तर कामाला येते. ए४ चे १.४१४ आणि लेटरचे १.२९४. मात्र फोन जरा कलता धरला तरी हे गुणोत्तर बदलते. फोटोत कागदाच्या समोरासमोरच्या कडा समांतर नसतील, तर त्यावरून आम्ही निर्णय देत नाही.

इथपर्यंत काम सोपे वाटते. खरी अडचण पुढे आहे.

फाइलचे माप म्हणजे कागदाचे माप नव्हे

पीडीएफ फाइलला तिचे माप विचारले, तर ती लगेच सांगते:

```
pdfinfo form.pdf
Page size:      612 x 792 pts (letter)
```

हे उत्तर फाइलच्या पानाचे आहे. पुष्कळ स्कॅनरमध्ये कागदाचे माप आधीच ठरवून ठेवलेले असते आणि आत काहीही ठेवले तरी पान त्याच मापाचे निघते. फॅक्सने आलेल्या पानाची रुंदी तर बहुधा १७२८ ठिपकेच असते, कागद कोणताही असो. म्हणून फाइलचे माप आम्ही मशीनची माहिती म्हणून धरतो आणि फॉर्मचा मूळ कागद त्याच्या समासांत शोधतो.

कागद आणि मशीनची मापे जुळत नाहीत, तेव्हा बहुधा दोनपैकी एक गोष्ट घडते. पहिली, मशीन मजकूर लहान-मोठा न करता जास्तीचा भाग कापते. ए४ फॉर्म लेटरवर लावलेल्या स्कॅनरमध्ये गेला, तर खालचे साडेसतरा मिलिमीटर जातात आणि एका बाजूला सहा मिलिमीटरची कोरी पट्टी येते. तळाशी फॉर्म क्रमांक किंवा पानांची संख्या असायला हवी होती आणि ती अर्धवट कापलेली दिसते, ही त्याची खूण. उलट लेटर फॉर्म ए४ मशीनमध्ये गेला, तर उजवीकडची चौकटीची रेघ गायब होते आणि तळाशी कोरी जागा वाढते. कापलेले परत मिळत नाही, पण ते ओळखणे अवघड नसते.

दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. ‘पानात बसवा’ हा पर्याय चालू असेल, तर मशीन सगळा फॉर्म आकसून नव्या कागदावर मध्यभागी बसवते. काहीच कापले जात नाही, पान नीटनेटके दिसते आणि कोणाला शंकाही येत नाही. ए४ चा फॉर्म लेटरवर बसवताना तो ९४ टक्के होतो. उंची बरोबर मावते, पण रुंदीत जागा उरते आणि दोन्ही बाजूंचे समास सुमारे नऊ-नऊ मिलिमीटरनी वाढतात. लेटरचा फॉर्म ए४ वर बसवला, तर तो ९७ टक्के होतो आणि जास्तीची जागा वर-खाली जाते, प्रत्येकी साधारण साडेबारा मिलिमीटर. म्हणजे वाढीव कोरी जागा कोणत्या दिशेला आहे, यावरूनच मूळ कागदाचा पहिला सुगावा लागतो.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा, एक नोंदणी फॉर्म आला आहे. फाइल वर दाखवल्याप्रमाणे लेटर म्हणते आणि प्रतिमा २५५० × ३३०० पिक्सेलची आहे. फॉर्मभोवती छापील चौकट आहे. चौकटीपासून डाव्या कडेपर्यंत ३३० पिक्सेल आहेत, उजव्या कडेपर्यंतही तितकेच. वर आणि खाली मात्र १६७ पिक्सेल आहेत. ३०० डीपीआयवर एका मिलिमीटरात ११.८ पिक्सेल येतात, तेव्हा बाजूचे समास २८ मिलिमीटर आणि वर-खालचे १४.१.

बाजूला वरच्यापेक्षा दुप्पट जागा सोडून फॉर्मची रचना सहसा कोणी करत नाही. फॉर्म बनवणाऱ्याला रकान्यांसाठी रुंदीच अपुरी पडत असते. शिवाय २८ आणि १४.१ हे समासासाठी मिलिमीटरमध्येही नेहमीचे सोपे आकडे नाहीत आणि इंचातही सोप्या भागात बसत नाहीत. तेव्हा हा फॉर्म ए४ वरून आकसलेला आहे असे धरून आम्ही हिशेब उलटा करतो. बाजूच्या समासातून बसवताना वाढलेले ९.२ मिलिमीटर वजा केले की १८.८ उरतात. त्यांना ०.९४ ने भागले की २० येतात. वरच्या १४.१ ला ०.९४ ने भागले की १५. बाजूला २० आणि वर-खाली १५ मिलिमीटर हा समास मेट्रिक मोजपट्टी वापरणाऱ्याने ठेवलेला आहे, हे उघड दिसते.

पण समास जुळवून आणता येतात, म्हणून एका पुराव्यावर आम्ही थांबत नाही. याच पानाच्या डाव्या भागात दोन फिकट गोल डाग आहेत. ती फाइलिंगसाठी पाडलेल्या भोकांची छाया. ए४ कागद वापरणाऱ्या देशांत दोन भोकांच्या पंचचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेले आहे: मध्यापासून मध्यापर्यंत ८० मिलिमीटर, कडेपासून १२ मिलिमीटर. अमेरिकी पद्धतीत तीन भोके असतात आणि लगतच्या दोन भोकांत सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर अंतर असते. आपल्या पानावर डागांमधले अंतर ८८९ पिक्सेल, म्हणजे ७५.३ मिलिमीटर भरते. हे अंतर दोन्ही पद्धतींत बसत नाही, पण ०.९४ ने भागले की बरोबर ८० होते. डाग कडेपासून वीस मिलिमीटर आत आहेत. भोके याच कागदाला पाडली असती, तर ती इतकी आत नसती.

आता चित्र स्पष्ट आहे. फॉर्म ए४ वर छापला गेला, तिथेच त्याला भोके पाडली गेली आणि नंतर लेटर कागदाच्या प्रदेशात कोणीतरी त्याची आकसलेली प्रत काढली. रकान्यात आम्ही ‘ए४’ लिहितो, फाइल काहीही म्हणो.

जर्मनीतून आलेल्या पत्रवजा फॉर्मवर याहून पक्की खूण मिळते. तिथल्या डीआयएन ५००८ या प्रमाणाच्या एका नेहमीच्या मांडणीत डाव्या समासात वरून १०५ आणि २१० मिलिमीटरवर घडीच्या बारीक रेघा असतात, आणि १४८.५ मिलिमीटरवर पंचची रेघ, म्हणजे ए४ च्या उंचीच्या नेमक्या मध्यावर. या रेघा दिसल्या की फॉर्म किती टक्के आकसला आहे हे थेट मोजता येते.

हा अंदाज कुठे थांबतो

मूळ कागद कळला म्हणजे देश कळला असे नाही. लेटर निघाला तर देशांची यादी एकदम लहान होते, पण ए४ निघाला तर जवळपास सगळे जग उरते. शिवाय लेटर असला की महिना आधी, असा नियम लावणे चूक आहे. अमेरिकेत महिना आधी लिहितात, मेक्सिको, कोलंबिया आणि चिलीत दिवस आधी, आणि कॅनडात दोन्ही पद्धती आढळतात. म्हणून तारखेचा निर्णय आम्ही एकट्या कागदावर सोपवत नाही. त्याच गठ्ठ्यात १२ पेक्षा मोठा आकडा असलेली एखादी तारीख सापडली, तर ती आमच्यासाठी कागदाच्या कोणत्याही पुराव्यापेक्षा वजनदार असते.

काही फॉर्म मुद्दाम दोन्ही कागदांसाठी बनवलेले असतात. त्यांचा मजकूर ए४ च्या रुंदीत आणि लेटरच्या उंचीत मावेल असा ठेवलेला असतो, आणि समास दोन्हीकडे पटण्याजोगे दिसतात. अशा वेळी भोके किंवा घड्या नसतील, तर आम्ही ‘ठरवता आले नाही’ असे लिहितो. चुकीच्या खात्रीपेक्षा तो रिकामा निर्णय आपल्या नोंदींसाठी सुरक्षित आहे, कारण ती तारीख मग आपल्याकडे विचारणा करण्यासाठी परत येते.

स्कॅन पाठवताना

‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा आणि माप १०० टक्के ठेवा. स्कॅनरमध्ये कागदाचे माप आपोआप ओळखण्याची सोय असेल, तर ती निवडा. नसेल, तर उपलब्ध असलेले सर्वांत मोठे माप लावा. जास्तीची कोरी जागा आम्हाला चालते, कापलेली कड चालत नाही. झाकणाची आतली बाजू काळी असेल तर कागदाच्या चारही कडा स्पष्ट उठून दिसतात.

भोकांचे डाग, घडीच्या रेघा आणि कडेच्या सावल्या ‘साफ’ करणारी सोय कृपया वापरू नका. मूळ कागद हाती असेल आणि आपल्याला तो कोणत्या मापाचा आहे हे ठाऊक असेल, तर गठ्ठ्याच्या पहिल्या पानावर पेन्सिलीने तेवढे लिहा. मूळ कागद नसून आधीच काढलेली प्रत असेल, तर तेही लिहा. त्या प्रतीवर आम्ही समासांचा हिशेब पहिल्यापासूनच उलट्या दिशेने सुरू करतो.