मनोविकारविषयक संशोधनाचा सोपा सारांश

मनोविकारांवरील एखादा अभ्यास संपला की त्यातून काय निघाले, हे त्यात भाग घेतलेल्या लोकांना आणि गावातल्या बचतगट, आशा कार्यकर्त्या, स्वयंसेवी संस्था यांना रोजच्या भाषेत सांगणारा दोन-चार पानी मजकूर म्हणजे सोपा सारांश. सहभागींना निष्कर्ष कळवण्याची सोय असावी, असे वैद्यकीय संशोधनाची नीतितत्त्वे सांगणारा हेलसिंकी जाहीरनामा म्हणतो. युरोपीय संघाने ५३६/२०१४ या नियमाद्वारे औषधांच्या चाचण्यांसाठी असा सारांश सक्तीचा केला आहे. शोधनिबंधाचा गोषवारा सोपे शब्द घालून पुन्हा लिहिला तर मात्र सारांश होत नाही. निबंध ज्यांच्यासाठी असतो त्यांनी कधी चाचणीत भाग घेतलेला नसतो. सारांशाच्या वाचकाने घेतलेला असतो आणि त्याला स्वतः बरे वाटले की नाही हे त्याला ठाऊक असते.

गोव्यातील एका चाचणीवरून हे स्पष्ट होते. 'हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्रॅम' या समुपदेशन पद्धतीची चाचणी 'संगत' या संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत केली. निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. बऱ्यापैकी तीव्र ते अतितीव्र नैराश्य असलेले ४९५ जण त्यात होते. मानसोपचाराचे व्यावसायिक शिक्षण नसलेल्या, पण या कामासाठी तयार केलेल्या समुपदेशकांनी निम्म्या लोकांच्या सहा ते आठ भेटी घेतल्या. बंद पडलेली कामे, सुटलेल्या गाठीभेटी हळूहळू पुन्हा सुरू करायला मदत करणे, हा त्या भेटींचा गाभा होता.

सारांशात पहिली अडचण समुपदेशन न मिळालेल्या दुसऱ्या गटाची येते. 'त्यांना उपचार दिले नाहीत' असे लिहिले तर ते खोटे ठरेल आणि वाचणाऱ्याला फसवल्यासारखे वाटेल. प्रत्यक्षात त्यांच्या डॉक्टरांना तपासणीचा निकाल आणि उपचाराची मार्गदर्शक तत्त्वे दिली होती. म्हणून असे लिहावे: 'सगळ्यांना केंद्रातल्या डॉक्टरांचे नेहमीचे उपचार मिळत राहिले. निम्म्या लोकांना त्याशिवाय समुपदेशन मिळाले. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले. डॉक्टरांनी किंवा आमच्यापैकी कोणी निवडले नाही.'

पुढे आकडे. निबंधातला एक मुख्य आकडा म्हणजे दोन गटांत सुधारणा झालेल्यांच्या प्रमाणांचे, इतर फरकांचा हिशेब धरून काढलेले १.६१ हे गुणोत्तर. त्याचे 'बरे होण्याची शक्यता ६१ टक्क्यांनी वाढते' असे भाषांतर केले की वाचकाला शंभरातले ६१ जण बरे होतात असे वाटते. त्यापेक्षा मूळ मोजणी द्यावी: 'तीन महिन्यांनी, समुपदेशन मिळालेल्या दर १०० जणांपैकी ६४ जणांची लक्षणे बरीच कमी झाली होती. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्या १०० जणांपैकी ३९ जणांची कमी झाली होती.' दोन्ही गटांना शंभर हाच पाया ठेवला की २५ जणांचा फरक कोणालाही दिसतो. लगेच पुढचे वाक्य यायला हवे: 'समुपदेशन मिळूनही १०० पैकी ३६ जणांना तेवढा उतार पडला नाही.' हे वाक्य गाळले, तर त्या ३६ मधली बाई आपणच कुठे कमी पडलो असे समजेल. नैराश्यात स्वतःला दोष देणे हे मुळात लक्षणच असते, म्हणून इथे ही चूक अधिक महाग पडते.

'बरे झाले' असेही लिहू नये. चाचणीत पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरली होती. तिचे गुण ० ते २७ असतात आणि १० पेक्षा कमी गुण आले की सुधारणा मानली गेली. नऊ गुणांच्या माणसाला अजून झोप लागत नसेल. वर्षभरानंतरही फायदा टिकून होता, पण दोन गटांतले अंतर घटले होते, हेही सांगावे.

याच चाचणीत समुपदेशन मिळालेल्या स्त्रियांमध्ये जोडीदाराकडून होणारी मारहाण कमी आढळली. गावातल्या गटांना हे कळायला हवे, पण तो चाचणीचा मुख्य प्रश्न नव्हता, म्हणून सावध शब्दांत. हाच मजकूर टपालाने घरी गेला आणि नवऱ्याच्या हाती पडला, तर तिने संशोधकांना काय सांगितले याचा त्याला संशय येईल. नुसते 'नैराश्याचा अभ्यास' असे छापलेले पाकीटही घरात न सांगितलेली गोष्ट उघड करते. म्हणून सारांश कुठे, कसा हवा हे सहभागाची संमती घेतानाच विचारून नोंदवतात: केंद्रावर हातात, फोनवर वाचून, किंवा नकोच. गटांना दिलेल्या प्रतीत एकेका आरोग्य केंद्राचे आकडे वेगळे देत नाहीत. लहान गावात तीन-चार जणांचा आकडा म्हणजे जवळजवळ नावेच.

मसुदा तपासताना 'समजले का?' असे विचारून उपयोग नसतो, लोक भिडेखातर हो म्हणतात. त्याऐवजी एका वाचकाला तो शेजारणीला समजावल्यासारखा सांगायला लावतात. 'समुपदेशन घेतले की गोळ्या बंद करायच्या' असे उत्तर आले, तर दोष मजकुराचा, आणि 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध थांबवू नका' ही ओळ निकालाच्या शेजारी आणावी लागते. ज्यांना अजून त्रास आहे त्यांच्यासाठी जवळच्या केंद्राचा पत्ता आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पहिल्याच पानावर देतात.