आईबाबांना ऐकू न येणारा बदल

'विषय हार्ड' हे मुलांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं की आईबाबांच्या कपाळावर आठी पडते. आपणही त्या वयात 'झकास'वर आपल्या आईबाबांची बोलणी खाल्ली होती, हे त्यांना तेव्हा आठवत नाही. भाषाशास्त्रज्ञांना मात्र अशा शब्दांची फारशी चिंता नसते. टोळीची बोली मुळात बाहेरच्यांना कळू नये म्हणूनच असते, आणि मोठ्यांनी एकदा तो शब्द उचलला की मुलं तो टाकून देतात. भाषा खरी सरकते ती दुसरीकडेच. स्वर किंचित बदलतो, र वेगळा फुटतो, वाक्यात एखादा छोटा शब्द नव्या कामाला लागतो. याकडे आईबाबांचं लक्ष जात नाही, आणि खरं तर मुलांचंही नाही.

हे सरकणं कोणत्या वयात सुरू होतं, हे इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स या गावात फार नीट पाहता आलं. हे वसवलेलं शहर. १९६७ साली त्याची घोषणा झाली आणि देशाच्या निरनिराळ्या भागांतून कुटुंबं तिथे राहायला आली. लंडनकडचे, उत्तरेकडचे, स्कॉटलंडचे असे सगळे आपापले उच्चार घेऊन आले. नव्या वस्तीतल्या मुलांनी शिकावी अशी एकच एक स्थानिक बोली तिथे नव्हती. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला पॉल कर्सविल आणि ॲन विल्यम्स या भाषाशास्त्रज्ञांनी तिथल्या ४८ मुलांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. मुलं ४, ८ आणि १२ वर्षांची होती, आणि प्रत्येक मुलामागे त्याला सांभाळणाऱ्या एका मोठ्या माणसाचं, बहुतेक वेळा आईचं, बोलणंही घेतलं.

त्यांनी तपासलेल्या स्वरांपैकी एक म्हणजे 'गो', 'होम' अशा शब्दांतला ओ. दक्षिण इंग्लंडच्या तरुण बोलण्यात तो उच्चारताना जीभ पुढे सरकू लागली होती. कोणाची जीभ किती पुढे जाते याला गुण देऊन मुलांची तुलना आयांशी केली. चार वर्षांच्या मुलांचे गुण बरेचसे आईच्या गुणांशी जुळले. घरोघरी जसा फरक, तसाच मुलांमुलांत फरक. आठ आणि बारा वर्षांच्या मुलांत मात्र हे नातं सुटलेलं दिसलं. आई कुठलीही असो, ती एकमेकांसारखी बोलत होती. घरातून मिळालेली बोली चार-पाच वर्षांत, शाळेच्या मैदानावर, बदलून गेली होती.

पण सवंगड्यांसारखं बोलायचं एवढंच असतं, तर सगळी मुलं एका पातळीवर येऊन थांबली असती. तसं होत नाही. आपल्याहून दोन-चार वर्षांनी मोठी मुलं नवा उच्चार अधिक करतात आणि म्हातारी माणसं कमी, हे मुलांच्या कानाला कळतं. त्यावरून बदलाची दिशा त्यांना उमगते आणि ती स्वतः त्याच दिशेने आणखी थोडी पुढे जातात. अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव यांनी हे स्पष्टीकरण मांडलं. त्यांच्या मते सतराव्या वर्षाच्या आसपास हे पुढे जाणं थांबतं आणि बोलणं स्थिरावतं. म्हणून चालू बदल वयानुसार मोजला तर त्याचा कळस बहुधा किशोरवयात दिसतो. अगदी लहान मुलं अजून आईच्या मागे असतात, आणि आई तिच्या सतराव्या वर्षीच्या जागेवर.

इथे एक शंका रास्त आहे. आज पंधरा आणि पंचेचाळीस वयाची माणसं वेगळी बोलतात, म्हणजे भाषाच बदलते आहे कशावरून? कदाचित पंधराव्या वर्षी सगळेच तसे बोलत असतील आणि पुढे सोडून देत असतील. टोळीच्या शब्दांचं बऱ्याच अंशी असंच होतं. एकाच दिवशी केलेल्या मोजणीतून या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. त्यासाठी तीच माणसं काही वर्षांनी पुन्हा गाठावी लागतात.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या फ्रेंच भाषकांबाबत हे झालं. तिथे जिभेच्या टोकाने उच्चारायचा जुना र मागे पडून घशातला र पसरत होता. १९७१ मध्ये ध्वनिमुद्रित केलेल्या माणसांचं बोलणं १९८४ मध्ये पुन्हा घेतलं, तेव्हा बहुतेकांचा र होता तसाच निघाला. म्हणजे वयांतला फरक बराचसा खरोखरीच्या बदलाचा होता. मात्र काही मोठ्या माणसांनीही या १३ वर्षांत नवा र बऱ्यापैकी उचलला होता.

तेव्हा सतराव्या वर्षी लागणारं कुलूप तितकंसं घट्ट नसतं. याचा सगळ्यात गमतीदार पुरावा राणी दुसऱ्या एलिझाबेथचा. तिची नाताळची भाषणं जवळजवळ दरवर्षी ध्वनिमुद्रित होत असल्याने १९५०च्या आणि १९८०च्या दशकांतले तिचे स्वर मोजून ताडता आले. हे संशोधन २००० साली प्रसिद्ध झालं. ज्या राणीच्या नावाने 'शुद्ध' इंग्रजी ओळखली जायची, तिचेच स्वर आपल्याहून तरुण आणि सामान्य लोकांच्या बोलण्याकडे सरकले होते. अर्थात ती त्यांच्यापर्यंत पोहोचली नव्हती, निम्म्या वाटेवर कुठेतरी होती.